लाल वर्तुळांत न सापडलेले आजोबा

शनिवारी दुपारची जेवणे आटोपली की बाई जेवणाचे टेबल पुसून त्यावर निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा ठेवत. सोलापुरातील एका मराठी शाळेत त्या आठवीला मराठी शिकवत होत्या. वर्गात साठ मुले. एका वहीला तीन मिनिटे म्हटले तरी तीन तास सहज जात. लाल पेन भराभर चाले. चुकलेल्या शब्दाभोवती वर्तुळ, वर शुद्ध रूप आणि शेवटी ठरलेला शेरा : "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. निबंध वाढवा." खाली गुण आणि सही.

हे काम त्या मनापासून करत. म्हणूनच जुलैतल्या एका शनिवारी एक वही हातात घेऊन त्या थबकल्या. जूनमध्ये या मुलाने दीड पान लिहिले होते. या वेळी जेमतेम अर्धे पान होते. चूक एकही नाही, पण निबंधात वाचण्यासारखेही काही नाही. 'आमची शाळा सुंदर आहे. शाळेत झाडे आहेत. मला शाळा आवडते.'

सोमवारी त्यांनी त्याला बोलावून विचारले, "का रे, या वेळी इतकं थोडं लिहिलंस?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "बाई, जे शब्द नक्की येतात, तेवढेच लिहिले."

हे उत्तर बाईंच्या मनाला लागले. शुद्धलेखन सुधारावे म्हणून त्या वर्तुळे काढत होत्या आणि मुलाने त्यातून वेगळाच धडा घेतला होता. कमी लिहिले की कमी चुकते!

अकरा वर्तुळे, चुका तीनच

त्या संध्याकाळी त्यांनी त्याचा जूनचा निबंध पुन्हा काढला. विषय होता 'सुट्टीतील एक दिवस'. 'गावी खुप मजा आली. आम्ही विहीरीतला गाळ काढला. आजोबा विहीरीजवळ बसून होते. मग पाणी आले. सर्वांना खुप आनंद झाला,' असे त्यात होते. अकरा लाल वर्तुळे, दहापैकी चार गुण.

आता त्यांनी ती वर्तुळे मोजण्याऐवजी त्यांचे गट पाडले. 'विहीरीत', 'विहीरीजवळ', 'मूलांनी', 'गरीबांना' अशा सहा चुका एकाच नियमाच्या होत्या. विहीर, मूल, गरीब या शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो. पण शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. विहीर, पण विहिरीत. मूल, पण मुलांनी. उरलेल्यांपैकी तीन ठिकाणी 'खुप' होते आणि दोन ठिकाणी 'आणी'. म्हणजे अकरा चुका नव्हत्याच, चुकीच्या सवयी तीन होत्या. अकरा वर्तुळे पाहून मूल घाबरते. एक नियम मात्र ते आठवडाभरात शिकू शकते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. 'आजोबा विहीरीजवळ बसून होते' या वाक्यात त्यांना जूनमध्ये फक्त चुकलेली वेलांटी दिसली होती. घरची सगळी माणसे गाळ काढत असताना आजोबा नुसते का बसले होते, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडलाच नव्हता.

त्यांनी निबंधाखाली पेन्सिलीने लिहिले : "आजोबा विहिरीजवळ बसून होते, इथे मी वाचताना थांबले. ते का बसले होते? पाणी आले तेव्हा त्यांनी काय केले? हा एकच प्रसंग पुन्हा लिही. 'मजा' आणि 'आनंद' हे शब्द न वापरता मला तो दिसू दे." त्याखाली एकच नियम आणि त्याची दोन उदाहरणे. गुण दिले नाहीत.

चार दिवसांनी वही परत आली. आजोबा दरवर्षी स्वतः विहिरीत उतरत, पण यंदा गुडघे चालेनात म्हणून काठावर बसून ते हाताने खुणा करत होते. पहिली कळशी वर आली तेव्हा ते पाणी प्यायले नाहीत. त्यांनी हात धुतले. 'त्यांच्या हाताला चिखल नव्हता, तरी धुतले,' असे मुलाने लिहिले होते.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचले. 'विहीरीत' अजूनही दोन ठिकाणी चुकले होते. त्यांनी शब्दाला हात लावला नाही, त्या ओळींसमोर समासात फक्त एक खूण केली. चूक मुलानेच शोधायची. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकाने १९८३ साली हीच पद्धत मांडली होती. नुसती समासात खूण केली, तर अर्ध्याहून अधिक चुका विद्यार्थी स्वतःच दुरुस्त करतात, असे त्याला आढळले होते.

गुण आधी की शेरा आधी?

काही दिवसांनी एका मुलीची आई शाळेत आली. "बाई, वही तपासलीच नाही का? चुका तशाच आहेत आणि गुणही नाहीत."

"बसा ना," बाई म्हणाल्या. "गुण दुसऱ्या खर्ड्याला देणार आहे. गुण आधी दिसले की मुलं शेरा वाचतच नाहीत. शेजारच्याला किती मिळाले, तेवढंच बघतात."

बाईंच्या या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांचा अभ्यास करून १९८८ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांना फक्त शेरे मिळाले, त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले, त्यांना मात्र शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही.

पण साठ वह्यांना असा शेरा लिहायला वेळ कुठून आणायचा? बाईंनी वाटणी केली. दर आठवड्याला पंधरा वह्या नीट वाचायच्या, बाकीच्यांत फक्त समासातील खुणा. चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. आणि वह्या परत दिल्यावर तासातली पंधरा मिनिटे मुलांना लिहायला द्यायची. शेरा वाचून वही दप्तरात गेली, तर तो वाया जातो.

त्यांचेही चुकले. एका मुलीला त्यांनी "आणखी विस्तार कर" असे लिहिले, तर तिने आधीचीच वाक्ये फिरवून लिहिली. कशाचा विस्तार, हे तिला कळलेच नव्हते. दुसऱ्याच्या वहीत त्यांनी स्वतःच एक सुरेख वाक्य लिहून दिले. ते त्याने जसेच्या तसे उतरवले आणि निबंध बाईंचा झाला. तेव्हापासून त्या दुसरा खर्डा आपल्याच शेऱ्याची परीक्षा म्हणून तपासतात. मुलाने फक्त खुणेचे शब्द बदलले असतील किंवा बाईंचेच शब्द परत आले असतील, तर चुकला तो शेरा.

परीक्षेत शुद्धलेखनाचे गुण कापले जातातच. म्हणून शेवटच्या खर्ड्यात बाई आजही एकेक वेलांटी पाहतात. फक्त ते काम आता शेवटी येते.

दिवाळीनंतर त्या मुलाने पुन्हा दीड पान लिहिले. त्यात चार चुका होत्या. त्यातला एक शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला होता, आणि तो चुकीचा लिहिला होता. बाईंनी त्या ओळीसमोर समासात एक खूण केली आणि खाली लिहिले, "हा शब्द कुठे ऐकलास? इथे अगदी बरोबर बसला आहे."