व्यायामानंतरची ओळ

क्लिनिकच्या रीलमध्ये एखादा व्यायाम दाखवायचा आणि शेवटी ‘अपॉइंटमेंटसाठी मेसेज करा’ म्हणायचं, याला माझा कितीतरी वर्षं विरोध होता. डोंबिवलीत फिजिओथेरपी करताना शिकवायचं ते मोकळ्या हाताने शिकवावं, त्याच्या मागे गिऱ्हाईक बोलावू नये, असं माझं ठाम मत होतं. आज मी उलट म्हणते. ती ओळ नसेल तर कंबरदुखीचा व्यायाम दाखवूच नये. फक्त ती ओळ कशी असावी, याबद्दल माझा आग्रह आहे.

मत बदललं ते एका पेशंटमुळे. वागळे इस्टेटमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा, पस्तिशीचा. परतीच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर अर्धी मांडी बाहेर, कंबर एका बाजूला पिळलेली, असाच तो डोंबिवलीपर्यंत यायचा. कंबर धरू लागली तेव्हा मोबाइलवर बघून त्याने सकाळी उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरायला सुरुवात केली. वाकल्यावर पाठ ताणली जाते, तेवढ्यापुरतं बरंही वाटतं. पण रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. अशा वेळी खोल वाकलं की त्यांच्यावर दिवसभरातल्यापेक्षा जास्त ताण येतो.

तो आला तेव्हा खुशीत होता. “मॅडम, कंबर बरीच कमी झालीय, आता फक्त पोटरी दुखते.” त्याला ही सुधारणा वाटत होती. खरं तर दुखणं कमरेतून नितंबात आणि तिथून पोटरीत उतरणं म्हणजे नसेवरचा त्रास वाढल्याची खूण. कमरेतली कळ कमी झाली तरी दुखणं खाली सरकत असेल, तर तो व्यायाम थांबवायला हवा. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पायातली ताकद आणि संवेदना तपासून मी त्याला उभ्याउभ्याच मागे कलायला लावलं. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. पोटरीतली कळ मांडीपर्यंत वर आली. कंबर मात्र जास्त दुखू लागली आणि तो घाबरला. पण दुखणं पायातून कमरेकडे परतणं हे चांगलं लक्षण असतं. हे प्रथम नीट हेरलं न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी, 1956 मध्ये. डोक्याकडची बाजू चुकून उंच राहिलेल्या टेबलावर त्यांचा एक पेशंट पालथा पडून राहिला. कंबर अशी मागे वाकलेली असताना त्याच्या पायातली कळ गेली होती.

आता आमच्या रीलमध्ये हाच एक व्यायाम असतो. पावलं खांद्याइतकी लांब, तळहात कमरेच्या मागे, गुडघे सरळ. सावकाश मागे कला, क्षणभर थांबा, परत या. दहा वेळा. तासभर बसून झालं की पुन्हा. पाच व्यायाम एकदम दाखवले की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, हे बघणाऱ्याला कळत नाही. एकच असला की तो उपचाराबरोबर तपासणीही ठरतो. पण तपासणीचा निकाल घेऊन माणसाने जायचं कुठे? त्यासाठी शेवटची ओळ लागते.

ती आम्ही अशी ठेवली आहे : “दुखणं कमरेच्या मध्याकडे आलं, तर हेच चालू ठेवा, आमच्याकडे यायची घाई नाही. पायात उतरलं, तर थांबा आणि तपासणीची वेळ घ्या. लघवी अडकली, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईना, तर क्लिनिकची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.” शेवटच्या प्रसंगात मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, आणि तिथे उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही, हेही रीलच्या सुरुवातीलाच येतं. साठीच्या पुढच्या ज्यांचे पाय चालताना भरून येतात आणि पुढे वाकलं की मोकळे होतात, त्यांच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. मागे कलल्याने ती आणखी आवळते. रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, सोबत ताप किंवा घटतं वजन असेल, तर आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो.

मेसेज आला की आमच्या रिसेप्शनवरून पहिला प्रश्न जातो : दुखणं कुठपर्यंत आहे? ‘पोटरीपर्यंत’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशीची वेळ देतो. ‘फक्त कंबर, दोन दिवस झाले’ असं असेल तर व्यायाम करा, चालत राहा, दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर या, असं कळवतो. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे बुकिंग कमी होतात, हे माझ्या पार्टनरचं म्हणणं बरोबर आहे. ओळ मात्र मी तीच ठेवली आहे.