गुडविलच्या पोटात

एका भागीदारी पेढीने दुसरी पेढी विकत घेतली की घेणाऱ्याच्या वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी जुळतातच. बरोबर असल्या तरी जुळतात, चुकल्या तरी जुळतात. मालमत्ता नावे टाकायच्या, देणी जमा करायची, दिलेला मोबदला जमा करायचा आणि जो फरक उरेल त्याला गुडविल म्हणायचं. एखादं बिल राहिलं, एखाद्या यंत्राची किंमत फुगली, तरी सगळं त्या एका ओळीत जाऊन बसतं. तेरीज जुळते, सगळे हुश्श करतात. बडोद्यात इतकी वर्षं हिशेबाचं काम करताना मला या ओळीचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटत आली आहे.

मकरपुरा जीआयडीसीतलं एक काम सांगतो. आकडे गोल केले आहेत. काका आणि पुतण्या यांची सुट्या भागांची वर्कशॉप, नफ्याची वाटणी ३:२. काकांना वयामुळे थांबायचं होतं. पुतण्याला शेजारच्या मोठ्या पेढीत भागीदार व्हायचं होतं, आणि ती पेढी यांचा धंदाच घ्यायला तयार होती. ३१ मार्चच्या ताळेबंदात यंत्रं १३ लाख, माल ८ लाख, येणी ६ लाख आणि बँकेत १ लाख, असे एकूण २८ लाख. समोर धनको ४ लाख ६० हजार, बँकेचं कॅश क्रेडिट ३ लाख, काकांनी पेढीला दिलेलं कर्ज २ लाख आणि उरलेलं दोघांचं भांडवल.

बोलणी अशी झाली : यंत्रं १५ लाखांना, माल साडेसात लाखांना, येण्यांवर ३० हजारांची बुडीत तरतूद धरायची, गुडविल ३ लाख. धनको आणि कॅश क्रेडिट नवी पेढी घेणार. बँकेतली शिल्लक आणि काकांचं कर्ज मात्र जुन्या पेढीकडेच राहणार.

या गुडविलच्या आकड्यासाठी मी एक दिवस जास्त मागून घेतला. आधीच्या वर्षांचा सरासरी नफा काढला. त्यातून दोघांच्या श्रमाचा रास्त मोबदला वजा केला, तेव्हा ४ लाख २० हजार उरले. भांडवल १८ लाखांच्या घरात होतं. त्यावर १५ टक्क्यांनी २ लाख ७० हजार एरवीही सुटले असते. वरचे दीड लाख हा या धंद्याचा खास नफा, आणि त्याची दोन वर्षांची खरेदी म्हणजे ३ लाख. पंधरा टक्के का आणि दोनच वर्षं का, यावर वाद होऊ शकतो, झालाही. पण आकडा ठरला तो नफ्यातून. फरकाची ओळ म्हणून तो आला नाही, आणि माझ्या लेखी हेच महत्त्वाचं.

मग माल मोजताना कास्टिंगचा एक लॉट दिसला. माल मार्चमध्ये आलेला, मोजणीत धरलेला, पण त्याचं ४० हजारांचं बिल एप्रिलच्या फाइलमध्ये लावलेलं. म्हणजे माल आत आणि देणं बाहेर. मोबदला तोवर २३ लाख ६० हजार ठरला होता. तो तसाच ठेवून नव्या पेढीने बिल नंतर चढवलं असतं तर गुडविल ३ लाख ४० हजारांवर गेलं असतं आणि नोंद तरीही बिनबोभाट जुळली असती. गुडविल आधीच वेगळं काढून ठेवलेलं होतं म्हणून तो ४० हजारांचा फरक बोलला.

दुरुस्तीनंतर धनको ५ लाख झाले आणि जुन्या पेढीचा नफा ४० हजारांनी उतरला : काकांचे २४ हजार, पुतण्याचे १६ हजार. भांडवल अनुक्रमे ११ आणि ७ लाखांवर आलं. मोबदला नव्याने मांडला. यंत्रं, माल, तरतूद वजा जाता ५ लाख ७० हजारांची येणी आणि गुडविल मिळून ३१ लाख २० हजार. त्यातून ८ लाखांची देणी गेली की २३ लाख २० हजार.

काका म्हणाले, "ते सगळं ठीक. आमच्या हातात काय पडणार, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता, आणि मोबदल्याची दुसरी तपासणीही त्यातच होती. जुन्या पेढीच्या वसुली खात्यात यंत्रं, माल आणि येणी मिळून २७ लाख नावे गेले. जमेला नव्या पेढीचे २३ लाख २० हजार आणि तिने घेतलेली ८ लाखांची देणी आली. नफा ४ लाख २० हजार. काकांच्या वाट्याला २ लाख ५२ हजार आले आणि त्यांचं भांडवल १३ लाख ५२ हजार झालं. पुतण्याला १ लाख ६८ हजार आले आणि त्याचं ८ लाख ६८ हजार झालं. पुतण्याने आपला हिस्सा नव्या पेढीत भांडवल म्हणून ठेवला, म्हणून रोख द्यायचे उरले १४ लाख ५२ हजार. त्यात बँकेतला १ लाख मिळवला की १५ लाख ५२ हजार. त्यातून आधी काकांचं २ लाखांचं कर्ज फेडलं, कारण भागीदारी कायद्याच्या कलम ४८ नुसार भागीदाराचं कर्ज भांडवलाच्या आधी फिटतं. उरले बरोबर १३ लाख ५२ हजार. बँक खातं शून्यावर आलं. ते आलं नसतं तर मी मोबदला पुन्हा मांडायला घेतला असता.

नव्या पेढीच्या वहीत तीन नोंदी पडल्या. पहिलीत धंदा खरेदी खातं नावे आणि जुनी पेढी जमा, २३ लाख २० हजार. दुसरीत यंत्रं १५ लाख, माल साडेसात लाख, येणी ६ लाख, गुडविल ३ लाख नावे. आणि धनको ५ लाख, कॅश क्रेडिट ३ लाख, बुडीत तरतूद ३० हजार, धंदा खरेदी खातं २३ लाख २० हजार जमा. दोन्ही बाजूंना साडेएकतीस लाख. तिसरीत जुनी पेढी नावे आणि बँक १४ लाख ५२ हजार, पुतण्याचं भांडवल ८ लाख ६८ हजार जमा.

दुसऱ्या नोंदीत येणी ५ लाख ७० हजार का लिहिली नाहीत, असं नव्या पेढीच्या मुनीमजींनी विचारलं. यंत्राची जुनी किंमत आपण विसरतो, कारण नव्या मालकासाठी त्याची किंमत मोजली तेवढीच. पण ग्राहकाकडून सहा लाखच मागायचे आहेत, आणि कोणाचे तीस हजार बुडणार हे आज कोणालाच ठाऊक नाही. येणी कापून लिहिली तर एकाही ग्राहकाचं खातं त्याच्याशी जुळणार नाही.

काकांना मी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. देणी नव्या पेढीने घेतली हा दोन पेढ्यांमधला करार आहे. धनको आणि बँक त्याला बांधील नाहीत. ते स्वतः मान्य करत नाहीत तोवर मागणी काकांच्या दारातही येऊ शकते. म्हणून मोठ्या धनकोंची संमतीपत्रं घेतली आणि कॅश क्रेडिटची कागदपत्रं नव्या पेढीच्या नावाने करून काकांची हमी सोडवायला लावली. पेढी बंद झाल्याची जाहीर सूचना कलम ७२ प्रमाणे रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. बडोद्यात ती गुजरातीत गेली. बँकेचं हमी सोडल्याचं पत्र हाती पडेपर्यंत काकांनी जुन्या पेढीच्या वह्या आपल्याच कपाटात ठेवाव्यात, असं मी त्यांना सुचवलं, आणि त्यांनी त्या तशाच ठेवल्या.