पूर्वपक्षाचा मान

गुहागर परिसरातील मुलांचे तत्त्वज्ञानाचे निबंध मी अनेक वर्षे वाचीत आलो आहे. निबंध पुढे कोठे अडखळणार, हे बहुधा पहिल्याच परिच्छेदात कळते. 'जातिभेद वाईट आहे' हे विधान सत्य आहे. परंतु सिद्धान्त म्हणून ते दुबळे आहे. त्यास विरोध करणारा विचारी माणूस समोर उभाच राहत नाही, आणि मग पुढची पाने उद्गारांनी भरावी लागतात.

सिद्धान्त कसा बांधावा, हे मी बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथावरून दाखवितो. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण होऊ शकले नाही. 1936 साली ते पुस्तकरूपाने आले. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे: जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, परंतु शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा ढळल्यावाचून समाज तो स्वीकारणार नाही. येथे विधान आहे आणि त्याचे कारणही आहे. शिवाय अस्पृश्यता न मानणारा माणूसही हे प्रतिपादन नाकारू शकतो.

तसेच घडले. त्याच वर्षी गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आक्षेप घेतला की, धर्माची पारख त्याच्या निकृष्ट नमुन्यांवरून नव्हे, तर त्याने घडविलेल्या श्रेष्ठ माणसांवरून करावी. ज्या धर्मात ज्ञानदेव, तुकाराम झाले, तो गुणहीन कसा म्हणावा? हा पूर्वपक्ष बळकट आहे. विद्यार्थ्यांना मी सांगतो, उत्तराचा परिच्छेद हाताने झाका आणि केवळ आक्षेप वाचा. मन डळमळले नाही, तर तुम्ही प्रतिपक्षी म्हणून बुजगावणे उभे केले आहे.

बाबासाहेबांनी 1937 च्या आवृत्तीत गांधीजींचे लेख छापून त्यांना उत्तर दिले. ते उत्तर पायरी-पायरीने जाते. निकष ते मान्य करतात, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही, असे म्हणतात: श्रेष्ठ माणसे इतकी थोडी आणि निकृष्ट इतकी अधिक का? ते हेही दाखवितात की, संतांचे उदाहरण जात मोडण्यास उपयोगी पडले नाही. कारण संताने जात मोडली तरी सामान्याने मोडू नये, अशीच लोकांची समजूत करून दिली गेली होती. म्हणजे आक्षेपातील पुरावाच सिद्धान्ताच्या बाजूस येतो.

अनेक निबंधांत उत्तर म्हणून मूळ विधानच मोठ्या आवाजात पुन्हा येते. उत्तरात नवे कारण किंवा नवा भेद नसेल, तर ते उत्तर नव्हे. आणि आक्षेपाचा काही अंश खरा ठरला, तर पहिल्या परिच्छेदाकडे परतून सिद्धान्ताला तेवढी मर्यादा घालावी. अखेरीस 'तरीही माझेच खरे' असे लिहू नये.