थेंब कुठून येतो

नळ गळू लागला की हात पान्याकडे धावतो. त्याआधी नळ कोरड्या फडक्याने पुसावा आणि नुसतं बघत बसावं. पाणी आपली वाट स्वतःच दाखवतं. तोंडातून टपकत असेल तर आतला वायसर झिजला आहे. मुठीखाली पाझरत असेल तर दांड्याभोवतीची दोरी किंवा रबरी रिंग गेली. नळ भिंतीत शिरतो तिथे ओल असेल तर आट्यांवरची टेप दगा देते आहे. घरात काय ठेवायचं ते या तीन जागाच सांगतात: एक स्क्रू पाना, पेचकस, पक्कड, टेफ्लॉन टेप आणि अर्धा इंची नळाच्या वायसरांची पुडी. एवढ्यावर घरातली बहुतेक गळती थांबते.

वायसर बदलणं मला फार आवडतं. आधी कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं, मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं. तिथून स्क्रू गेला की गेलाच. पेचकसाने मूठ काढायची. मग नळाच्या डोक्याच्या नटावर कापड गुंडाळून स्क्रू पाना लावायचा, म्हणजे चकाकीवर ओरखडे उठत नाहीत. दांडा बाहेर आला की त्याच्या टोकाला वायसर दिसतो. झिजलेल्या वायसरवर गोल खाच उमटलेली असते. रोज घट्ट पिळून आपणच ती पाडलेली असते. नवा बसवण्याआधी बोट आत घालून पितळी बैठक चाचपावी. ती खडबडीत लागली तर नवा वायसरही फार दिवस टिकायचा नाही. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नव्या धाटणीच्या नळांत मात्र वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतलं अख्खं डोकंच बदलावं लागतं. दुकानात जाताना जुनं सोबत न्यावं.

टेप गुंडाळतानाही नजर हवी. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून 8-10 वेढे द्यावेत. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती सुटून गोळा होते. गीझरच्या किंवा बेसिनच्या लवचिक नळीच्या नटात स्वतःचा वायसर असतो, तिथे टेप लागत नाही. एम-सीलची कांडीही मी ठेवते, पण ती तात्पुरती. उद्या जो जोड उघडायचा आहे त्यावर ती कधीच थापू नये.

जुन्या इमारतीत भिंतीतला लोखंडी पाइप गंजलेला असतो. नळ सहज फिरत नसेल तर पाना खाली ठेवावा. जोर लावला की आट्या भिंतीच्या आत तुटतात, मग टाइल्स फोडाव्या लागतात. तिथे प्लंबरलाच बोलवावं.

आणि हत्यारांची ही पिशवी भरण्याआधी आजच घरातला मुख्य कॉक फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक क्षाराने जाम होतो, आणि तो बंद होत नसेल तर बाकीच्या एकाही हत्याराचा उपयोग नाही.