सांध्यावरचा वेग

गुरुग्रामला द्वारका एक्स्प्रेसवेजवळच्या एका साइटवर मी प्लॅनिंग इंजिनिअर होतो, तेव्हाची ही माझी चूक. टॉवर क्रेनची ट्रॉली सुरू झाली की हुकाला टांगलेला भार झुलायचा आणि स्लॅबवरच्या लोकांना तो शांत होईपर्यंत थांबावं लागायचं. तो किती झुलेल, याचा हिशेब मी स्वतःहून करायला घेतला.

भार ट्रॉलीच्या किती मागे राहतो ते अंतर x. झोका लहान असेल तर ट्रॉलीचा वेग वाढत असताना x'' + ω²x = a हे समीकरण चालतं आणि वेग स्थिर झाला की उजवी बाजू शून्य होते. ट्रॉलीपासून भारापर्यंतची लांबी 10 मीटर होती. म्हणून ω जवळजवळ 1 आणि एका पूर्ण झोक्याला साधारण 6.3 सेकंद. त्वरण मी 0.3 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं. अशा तुटक बलासाठी कॉलेजात लाप्लास शिकलो होतो, पण बारा वर्षांत तो हातातून गेला होता. तेव्हा ठरवलं की दोन तुकडे वेगवेगळे सोडवायचे आणि मधे जोडायचे.

पहिला तुकडा सरळ निघाला: x = (a/ω²)(1 − cos ωt). इथे a/ω² म्हणजे सुमारे 31 सेंटीमीटर. दुसऱ्या तुकड्यासाठी मी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं, s = t − T, आणि लिहिलं x = A cos ωs + B sin ωs. यात T म्हणजे त्वरण थांबण्याची वेळ. A मिळाला तो त्या क्षणीच्या x वरून. आणि B मी शून्य धरला. बल थांबलं, आता भार आपल्या आपण झुलणार, म्हणजे त्याची सुरुवात स्थिर अवस्थेतूनच, असं मी मनात पक्कं धरून चाललो होतो. ते लिहूनही ठेवलं नाही, त्यामुळे नंतर तपासताना ते डोळ्यांसमोर आलंच नाही.

तपासलं मात्र होतं. अर्ध्या झोक्याइतका वेळ त्वरण दिलं तर 61 सेंटीमीटरचा झोका उरायला हवा, आणि पूर्ण झोक्याइतका दिला तर काहीच उरू नये. दोन्ही उत्तरं बरोबर आली. मी निर्धास्त झालो. पण नेमक्या याच दोन क्षणी भाराचा सापेक्ष वेग खरोखरच शून्य असतो! आकडेमोड सोपी म्हणून निवडलेल्या या दोन जागी माझी चूक दिसणं शक्यच नव्हतं.

ती दिसली ती पाव झोक्याला, म्हणजे 1.6 सेकंदांना. माझा आकडा 31 सेंटीमीटर होता. मोबाइलवर काढलेल्या चित्रीकरणात भार चाळिशीच्या पुढे जात होता. आमचे ऑपरेटर म्हणाले, "साहब, माल तो चल रहा था, आपने रोका कब?" तो प्रश्न ऐकल्यावर मी कागद पुन्हा काढला. आलेख काढून पाहिला तर T पाशी वक्राला कोपरा पडलेला होता. x च्या आलेखाला कोपरा म्हणजे वेग एका क्षणात बदलला, आणि त्यासाठी अमर्याद बल लागतं. इथलं बल तर 0.3 वरून शून्यावर आलं होतं, एवढंच. पाव झोक्याला भाराचा सापेक्ष वेग 0.3 मीटर प्रति सेकंद असतो. तो जोडला की B सुद्धा 31 सेंटीमीटर येतो आणि झोका दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ, म्हणजे 43.

मग मी उलट्या टोकाला गेलो आणि x'' सुद्धा जुळवायला निघालो. स्थिरांक दोन आणि अटी तीन, त्यामुळे समीकरणं आपसांत भांडू लागली. x'' ने त्या क्षणी उडी मारायचीच असते, बरोबर a एवढी, कारण बलानेच ती मारलेली असते. जागा आणि वेग सलग राहतात, त्वरण तुटतं. आणि ट्रॉली झटक्याने एकदम पूर्ण वेग घेत असेल, तर सापेक्ष वेगही उडी मारतो. मग जुळवणी वेगाच्या त्या उडीसकट करावी लागते.

बरोबर केल्यावर उरणारा झोका (2a/ω²)|sin(ωT/2)| असा निघाला. माझ्या चुकीच्या उत्तरात तिथे sin चा वर्ग होता. दोन्ही सूत्रं 0 आणि 1 वरच एकमेकांना भेटतात, आणि माझ्या दोन्ही तपासण्या तिथेच होत्या.

क्रेनच्या तंत्रज्ञाने नंतर त्वरण 0.15 वर आणून 6.3 सेकंदांवर पसरलं. शेवटचा वेग तोच राहिला. भार वाटेत 31 सेंटीमीटर मागे पडायचा आणि ट्रॉली स्थिर वेगात येताना तिच्या खाली परत यायचा. लांबी 10 मीटर असेपर्यंत. ती 7 वर आली की झोक्याचा काळ 5.3 सेकंद होतो आणि त्याच सेटिंगवर 12 सेंटीमीटरचा झोका उरतो. म्हणून पुढचा कागद मी लांबीनुसार केला, आणि या वेळी प्रत्येक लांबीला पाव झोक्याचा आकडा आधी तपासला.