सहामाहीची वाढीव फी

फी वाढली, ही पालकांची तक्रार नवी नाहीं. आम्ही शाळेंत शिकवीत होतों तेव्हांहि ती दर जूनमध्यें आमच्या कानीं येई, आणि आम्ही मास्तर मंडळी ती निमूटपणें ऐकून घेत असूं. महागाई वाढते, शिक्षकांचे पगार वाढतात, इमारतीची डागडुजी करावी लागते. तेव्हां फी कधींच वाढूं नये असें म्हणणारा मनुष्य शाळा कशी चालते हें जाणत नाहीं, असेंच आम्ही म्हणूं. परंतु फी वाढणें निराळें आणि चालू वर्षाच्या मध्यावर ती वाढविणें निराळें. पहिल्या गोष्टीबद्दल वाद घालतां येतो. दुसरीबद्दल जाब विचारतां येतो. हा भेद ज्यांच्या ध्यानांत येत नाहीं, त्यांचा अर्ज शाळेच्या कपाटांत पडून राहतो, असा आमचा अनुभव आहे.

आमचीं दोन नातवंडें एकाच खासगी शाळेंत आहेत. 2023 सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर, तेव्हां सातवींत असलेला थोरला व चौथींत असलेली धाकटी, दोघेंहि एकेक छापील परिपत्रक घेऊन घरीं आलीं. दुसऱ्या सहामाहीचा हप्ता 18,000 रुपयांऐवजीं 21,600 रुपये राहील व त्यावर ‘डिजिटल फलक निधि’ म्हणून 1,500 रुपये भरावे लागतील, असें त्यांत होतें. कारण म्हणून ‘वाढता खर्च’ एवढे दोनच शब्द. दंड लागूं नये म्हणून चिरंजिवांनीं थोरल्याचे 23,100 रुपये त्याच रात्रीं फोनवरून भरून टाकले. धाकटीचे भरावयाचे राहिले होते. अशा रीतीनें एकाच घरांत दोन प्रश्न उभे राहिले: एकाचे जादा गेलेले 5,100 रुपये परत मागावयाचे, आणि दुसरीचे 5,100 रुपये कां द्यावे तें विचारावयाचें.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपण मुख्याध्यापकांना भेटून कांहीं सूट मिळते का पाहा. आपण शिक्षक होतां, आपला शब्द ते मोडणार नाहींत.” आम्हांला ही सूचना रुचली नाहीं. सूट ही कृपा असते. आणि जें देणेंच लागत नाहीं त्यावर सूट मागणें म्हणजे तें देणें लागतें असें कबूल करणें होय. आमच्या सूनबाईंनीं मात्र नेमकें केलें. जूनमध्यें शाळेच्या सूचनाफलकावर लागलेल्या मंजूर फीच्या तक्त्याचें छायाचित्र त्यांनीं आपल्या फोनमध्यें जपून ठेविलें होतें. त्यांत 2023-24 व 2024-25 या दोन वर्षांसाठीं वार्षिक फी 36,000 रुपये, अठरा-अठरा हजारांचे दोन हप्ते, असें स्वच्छ लिहिलेलें होतें. पुढचें सर्व काम त्या एका छायाचित्रावर उभें राहिलें.

त्या तक्त्याला एवढें वजन कां, हें सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत खासगी शाळांच्या फीसंबंधीं ‘महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011’ हा कायदा आहे. तो 2014 पासून अमलांत आला. त्यान्वयें प्रत्येक शाळेंत पालक-शिक्षक संघ व त्याची कार्यकारी समिति असावी लागते. मुख्याध्यापक हे समितीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांपैकीं, आणि पालक सभासद निवडावयाचे ते चिठ्ठ्या टाकून. संस्थेनें पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव खर्चाच्या कागदपत्रांसह वर्ष सुरू होण्याच्या निदान सहा महिने आधीं या समितीपुढें ठेवावयाचा असतो. मंजूर झालेली फी सूचनाफलकावर लावावयाची, आणि ती दोन शैक्षणिक वर्षें बंधनकारक राहते. मंजूर फीपेक्षां अधिक रक्कम घेण्याची शाळेस मोकळीक नाहीं. जूनमध्यें उघडणाऱ्या शाळेनें प्रस्ताव आदल्या डिसेंबरच्या सुमारास ठेविला पाहिजे, एवढा हिशेब केला कीं चालू वर्षाच्या नोव्हेंबरांतील वाढ या चौकटींत कोठेंच बसत नाहीं, हें शाळकरी पोरालाहि समजेल.

संस्कृतांत ‘शुल्क’ या शब्दाचा एक जुना अर्थ जकात असा आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण लिहितांना जकातघर व त्याचा ध्वज नगराच्या महाद्वारापाशीं उभारावा असें सांगितलें आहे. घेणें असेल तें वेशीवर, सर्वांच्या देखत. सूचनाफलकावरील तक्ता हा आमच्या मतें त्या ध्वजाचाच वंशज होय.

अर्ज लिहितांना आम्हीं फी परवडत नाहीं, मुलांवर अन्याय होतो, शिक्षणाचा बाजार झाला, असें एकहि वाक्य घातलें नाहीं. परवडतें कीं नाहीं हा पालकाचा प्रश्न. त्याला शाळा सहानुभूतीचें उत्तर देऊन मोकळी होते. अर्जांत तीनच गोष्टी विचारल्या. मंजूर तक्त्यांत नसलेली ही वाढ व हा निधि कार्यकारी समितीच्या कोणत्या सभेंत, कोणत्या ठरावानें मंजूर झाला? त्या ठरावाची व त्यासोबत ठेविलेल्या खर्चाच्या कागदांची नक्कल मिळेल काय? आणि तसा ठराव नसल्यास थोरल्याकडून घेतलेले जादा 5,100 रुपये कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतील? सोबत तक्त्याची, परिपत्रकाची व पावतीची नक्कल जोडली. पावतीवर ‘दुसरा हप्ता 23,100’ अशी एकच ढोबळ रक्कम होती. अशा पावतीवरून जादा किती तें उद्यां सिद्ध करणें कठीण. म्हणून बाबवार पावती द्यावी अशीहि विनंती केली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. कारकून म्हणाला, “आजोबा, ठेवून जा, साहेबांना दाखवितों.” आम्ही म्हणालों, “दाखवा कीं. पण आधीं पोच द्या.”

धाकटीच्या बाबतींत तंटा मिटेपर्यंत पैसे अडवून ठेवावे, असें शेजारच्या एका गृहस्थांचें मत पडलें. तें आम्हीं मानलें नाहीं. कांहींच न भरणारा पालक थकबाकीदार ठरतो, आणि मग मूळ प्रश्न बाजूस राहून थकबाकीचीच चर्चा होते. आम्हीं तिचे 18,000 रुपये मुदतीच्या आंत धनादेशानें भरले, व ‘मंजूर तक्त्याप्रमाणें दुसरा हप्ता पूर्ण’ असें सोबतच्या पत्रांत लिहिलें. मुलीला शाळेंतून काढतील ही सूनबाईंची भीति मात्र खरी होती. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढतां येत नाहीं, हें आम्हीं त्यांस कलम काढून दाखविलें, तेव्हां त्यांचें मन कांहींसें स्थिरावलें.

बाराव्या दिवशीं मुख्याध्यापकांनीं बोलाविलें. गृहस्थ सभ्य. म्हणाले, “गुरुजी, आपण या व्यवसायांतले. विजेचें बिल, शिक्षकांचे पगार, नवे फलक, हें सर्व कोठून आणावें? आणि ऑगस्टच्या सभेंत पालकांसमोर ही गोष्ट निघाली होती.”

“निघाली होती कीं ठरली होती?” आम्हीं विचारलें. “आणि पगार वाढणार हें संस्थेला आदल्या वर्षीं ठाऊक नव्हतें काय?”

त्यांनीं इतिवृत्ताची वही आणविली. फलकांच्या खर्चाविषयीं ‘चर्चा झाली’ एवढेंच त्यांत होतें. चर्चा म्हणजे ठराव नव्हे. उपाध्यक्ष असलेल्या बाईंना आम्ही नंतर भेटलों. फीच्या वाढीवर मत घेतलेंच नव्हतें असें त्यांनीं सांगितलें व तें लिहूनहि दिलें. त्यांच्या त्या चार ओळी आमच्या चार पानांपेक्षां उपयोगी पडल्या.

येथपर्यंत एकट्याचें चालतें, पुढें चालत नाहीं. शाळेनें ऐकलें नाहीं तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे न्यावें लागतें. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. परंतु 2018 च्या दुरुस्तीनंतर तेथें तक्रार नेण्यास निदान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. वाढ लागू झालेलीं मुलें 412. म्हणजे 103 पालक हवे. पहिल्या आठवड्यांत एकोणीस सह्या झाल्या. “आमच्या मुलावर डूख धरतील हो,” असें बहुतेक म्हणत, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. तेव्हां सूनबाई व इतर दोन मातांनीं वर्गवार याद्या केल्या, आणि एकेकट्याची सही न घेतां एका वर्गाच्या सह्या एकाच संध्याकाळीं घेतल्या. गर्दींत नांव असलें म्हणजें भय कमी वाटतें. जानेवारीच्या अखेरीस सह्या 118 झाल्या. तो कागद विभागीय समितीकडे जाण्यापूर्वीं त्याची एक प्रत संस्थेच्या चिटणिसांना दिली.

दहा दिवसांनीं दुसरें परिपत्रक निघालें. वाढ रद्द, निधि रद्द, जादा आलेली रक्कम ‘पुढील वर्षाच्या पहिल्या हप्त्यांत वळती करण्यांत येईल.’ पुष्कळांना हें पुरेसें वाटलें. परंतु दहावींतून जीं मुलें शाळा सोडणार, त्यांना पुढील हप्ता कोठला? ज्यांची बदली होणार, त्यांचें काय? त्यांच्यासाठीं पुनः एक अर्ज गेला. शाळा सोडणाऱ्यांची रक्कम धनादेशानें परत मिळाली; राहणाऱ्यांच्या बाबतींत शिल्लक रकमेची लेखी पावती देण्यांत आली. थोरल्याच्या पावतीवर ‘जमा शिल्लक 5,100’ असें आहे, आणि 2024 च्या जूनमध्यें त्याचा हप्ता 12,900 रुपयेच भरला गेला.

या उपायाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. समितीनें रीतसर मंजूर केलेली फी केवळ जड वाटते म्हणून ती या मार्गानें परत मिळत नाहीं. सहलीला आपण होऊन नांव दिलें असेल तर तो खर्च फीच्या वाढींत धरतां येत नाहीं. हा कायदाहि महाराष्ट्रापुरता आहे. बडोदें-अहमदाबादकडील वाचकांनीं गुजरातचा 2017 चा स्वतंत्र कायदा पाहावा. आणि मुख्याध्यापकांनीं सांगितलेला खर्च खोटा होता असेंहि आम्ही म्हणत नाहीं. 2025-26 सालासाठीं त्याच संस्थेनें वाढीचा प्रस्ताव वेळेवर, हिशेबासह समितीपुढें ठेविला. नऊ टक्के वाढ मंजूर झाली, तक्ता फलकावर लागला, आणि आम्हीं ती फी दोन्ही नातवंडांची पहिल्याच दिवशीं भरली.