ज्याला कुणी नाही, तोच भरवशाचा

नववीच्या मुलांना घेऊन रायगडावर गेलो होतो. उतरताना पोलादपूरच्या एका मुलाने विचारलं, "सर, १६८९ मध्ये मुघलांनी हा गड घेतला आणि पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, असं तुम्ही सांगितलंत. पण सिद्दी तर हबशी. हबशांना गुलाम म्हणून आणायचे ना? मग गुलामाच्या हातात किल्ला कसा?"

पायऱ्या उतरता उतरता त्याला जे जमलं ते सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

मुळात बादशहाला गुलाम शिपाई का हवा होता, इथून सुरुवात करायला हवी. सरदाराची फौज सरदाराची असते. त्याची जहागीर, त्याचे भाऊबंद, त्याचे घोडे. नाराज झाला की तो फौजेसकट उठून जातो. त्यात बंदुका आल्या. बंदूक भरायला वेळ लागतो, म्हणून रांगेने उभं राहून, हुकुमावर बार टाकणारी, बारा महिने कवायत करणारी पायदळाची माणसं हवीत. घोड्यावरच्या खानदानी स्वाराला पायउतार होऊन हे काम करणं कमीपणाचं वाटे. मग रोकड पगारावर, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ, राजधानीतच राहणारी फौज लागली. आणि ती अशा माणसांची, ज्यांना मालकाशिवाय जगात कुणी नाही.

तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांनी चौदाव्या शतकात अशीच यनीचेरी, म्हणजे 'नवी फौज', उभी केली. आधी युद्धकैद्यांतून, नंतर ख्रिस्ती रयतेची मुलं उचलून. मुलाला मुसलमान करायचं, तुर्की शिकवायची, मग बराकीत टाकायचं. लग्नाला बंदी, धंद्याला बंदी. इथे आपण डोळे झाकू नयेत. शरीयतप्रमाणे इस्लामी राज्याच्या संरक्षणात असलेल्या जिम्मी रयतेच्या मुलाला गुलाम करता येत नाही. सल्तनतीच्या गरजेपुढे ही मनाई बाजूला पडली.

पण हिशोब एका जागी चुकला. ज्याला कुणी नाही, त्याला बराकच घर होते आणि सोबतचे शिपाई भाऊ होतात. नवा सुलतान गादीवर बसला की त्याने या फौजेला बक्षीस द्यायचं, असा रिवाज पडला. पगार थकला किंवा खोट्या नाण्यांत मिळाला की ते आपली जेवणाची मोठी देग उलटी करत. म्हणजे, तुझं अन्न आम्ही खाणार नाही. पुढे लग्नाची परवानगी मिळाली, मुलं बापाच्या जागी भरती होऊ लागली, बाजारात दुकानं निघाली. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात आठेक हजार असलेली ही फौज सतराव्याच्या सुरुवातीला पस्तीस हजारांवर गेली. दुसऱ्या उस्मानने तिला पर्याय म्हणून दुसरी फौज उभारायचा विचार केला, तर १६२२ मध्ये त्यालाच पदच्युत करून मारलं गेलं. शेवटी १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने तोफा लावूनच ती संपवली.

आपल्या दख्खनची तऱ्हा थोडी वेगळी. इथे हबशी एकेक करून विकत घेतले जात, आणि ते पायदळापेक्षा घोडदळात व सरदारांच्या पदरी जास्त असत. पण चाल तीच. मलिक अंबर हबशाण देशातला. हातोहात विकला जात अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या घरी आला. चंगेजखान स्वतःही हबशीच. तो मेल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा राजघराण्याकडे फौज उरली नव्हती, अंबरकडे होती. त्याने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली. १६१० मध्ये मुर्तझाचा काटा काढून त्याच्या लहान मुलाला तख्तावर बसवलं. स्वतः मात्र तख्तावर कधी बसला नाही. त्याला नाव निजामशहाचंच हवं होतं, कारण हुकूम त्याच नावाने पाळले जात.

अंबर १६२६ मध्ये गेला. त्याचा मुलगा फतेहखान काही गुलाम नव्हता. तो वजिराचा मुलगा म्हणून वाढला. त्याने निजामशहाला ठार केलं, आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हवाली केलं. ज्याच्या मागे कुणी नाही म्हणून जो भरवशाचा होता, त्याच्या मागे एका पिढीत घराणं उभं राहिलं, आणि त्या घराण्याला धन्याची गरज उरली नाही.

त्या मुलाला आता मी उत्तर असं देईन. सिद्दी निजामशाहीचे चाकर होते, मग विजापूरचे, मग मुघलांचे. एकामागून एक धनी बुडाले. जंजिरा मात्र सिद्दींकडे राहिला, थेट १९४८ पर्यंत. रायगड मराठ्यांनी १७३३ मध्ये त्यांच्याकडूनच परत घेतला. बाळा, गुलामाच्या हातात किल्ला कुणी एका दिवशी दिला नाही. आपल्याच सरदारांवर भरवसा नसलेल्या राजांनी हत्यार, पगार आणि पहारा त्याच्या हाती सोपवला. मग किल्ला वेगळा द्यावा लागला नाही.